सहाशे डबे आणि दोन कढया

*ताई, नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फराळाचं छोटं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. दोन कढया, दिवाळीत कामाला सहा बायका, शिवाय मी आणि माझी बायको. परवा जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचे एक साहेब आले. कामगारांना वाटायला ६०० डबे हवेत म्हणाले. प्रत्येक डब्यात पाव-पाव किलो चकली, चिवडा, बेसन लाडू आणि करंजी. डब्याला ५२० रुपये, पैसे बिलानंतर साठ दिवसांनी. माल वसुबारसेच्या दोन दिवस आधी पोचायला हवा. उत्तर घटस्थापनेपर्यंत द्यायचं आहे.*

*त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एक वाजता हिशेब मांडला, जमतंय असं वाटलं. दोन वाजता तोच हिशेब परत मांडला, जमेना. तीन वाजता किल्ली घेऊन दुकानात गेलो आणि दिवा लावून रिकाम्या कढयांसमोर बसून राहिलो. दूधवाला आला तेव्हा कळलं की उजाडलं. भाऊ म्हणतो, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना कपाळ धुवायला जाऊ नकोस. बायको नको म्हणते, का म्हणून विचारलं तर गप्प बसते. नेहमीचं गिऱ्हाईक सांभाळून हे झेपेल का? आणि नाही म्हटलं तर पुन्हा कोणी एवढी मोठी ऑर्डर घेऊन येईल का?*

*— एक दुकानदार*

तुमचे दोन्ही हिशेब बरोबर असणार, एक वाजताचाही आणि दोन वाजताचाही. पहिल्या वेळी तुम्ही किलो मोजले असतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून वसुबारसेच्या दोन दिवस आधीपर्यंत साधारण चौदा दिवस मिळतात. सहाशे किलोला चौदाने भागलं की रोजचे त्रेचाळीस किलो. दिवाळीत एवढा माल तर आपण काढतोच की, असं वाटून जीव भांड्यात पडला असेल. मग कूस बदलताना काउंटरचं गिऱ्हाईक आठवलं, रोजचा माल त्यात मिळवला आणि तोच आकडा अंगावर आला. गडबड बेरजेत नाही, किलोत मोजण्यात आहे. फराळाच्या दुकानात काम किलोमुळे अडत नाही. कढई कधी रिकामी असते आणि हात कधी मोकळे असतात, यावर ते अडतं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. नाशिकला आमचं घरगुती फराळाचं दुकान होतं, तेव्हा एका संस्थेची तीनशे किलो चकलीची ऑर्डर मी अशीच किलो मोजून घेतली. पहिले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी वीज गेली आणि पिठाची गिरणी दुपारपर्यंत बंद राहिली. मागे पडलेलं काम रात्री भरून काढायचं म्हणून आम्ही घाणे मोठे करायला लागलो. कढईत बारा चकल्या सुटसुटीत तळल्या जायच्या तिथे अठरा सोडायला लागलो. एकदम एवढा गार माल पडला की तेल थंड होतं. चकलीचा वरचा थर लवकर धरत नाही, ती तेल पीत राहते. बाहेर काढल्यावर रंग ठीक दिसतो, पण कागदावर ठेवली की खाली तेलाचं वर्तुळ उमटतं. त्यात पहाटे टेम्पो येणार होता, म्हणून शेवटचे साठ किलो पुरते निवायच्या आत पिशव्यांत भरले. सकाळी पिशव्यांना आतून दव धरलं होतं. ती चकली मोडताना आवाजच करीना. सगळा माल परत आला. त्याचं दुःख होतंच, पण त्या आठवड्यात आमच्याकडून दरवर्षी चकली नेणारी माणसं रिकाम्या परातीकडे बघून समोरच्या गल्लीत गेली, ते जास्त लागलं. त्यातली काही परत आलीच नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे की आज रात्री परत हिशेब मांडाल तेव्हा किलो बाजूला ठेवा आणि कढईचे तास मोजा. खाली मी मांडते ते आकडे माझ्या अनुभवातले आहेत. तुमची कढई लहान-मोठी असेल, शेगडीची आच वेगळी असेल. उद्या दुकानात घड्याळ समोर ठेवून एकेका पदार्थाचा एक घाणा मोजा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे घाला.

चकलीचा एक किलोचा घाणा मध्यम आचेवर साधारण बारा मिनिटं घेतो. तुमच्या दीडशे किलोंचे दीडशे घाणे, म्हणजे कढईचे तीस तास. चिवडा उरकतो लवकर. पातळ पोहे भाजून फोडणीत परतायचे, एका वेळी चार किलो निघतो, दीडशे किलोंना बारा तास पुरावेत. बेसन मात्र घाई खपवून घेत नाही. पाच किलो बेसन तुपावर मंद आचेवर भाजायला पन्नास मिनिटं लागतात आणि त्यातून पिठीसाखर मिळवून अकरा-बारा किलो लाडू होतात. असे तेरा घाणे धरले तर अकरा तास. आच वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो, पण मग बेसनाला रंग येतो आणि आतला कच्चेपणा राहतो. असा लाडू टाळूला चिकटतो, आणि खाणारा काही न बोलता तो बाजूला ठेवून देतो.

आता करंजी. तुमचा दोन वाजताचा हिशेब बहुतेक इथेच फिसकटला असणार, फक्त तेव्हा तुम्हाला ते दिसलं नसेल. पाव किलोत आठ करंज्या बसतात. सहाशे डब्यांच्या चार हजार आठशे. त्या लाटायच्या, सारण भरायचं, कड दाबायची, कातण फिरवायचं. सराईत बाई तासाला तीस करते. म्हणजे एकशे साठ तास नुसत्या हातांचे. मग तळणं. करंजी मंद आचेवर तळावी लागते, नाहीतर वरून लाल आणि पापुद्रा कच्चा. एका घाण्यात अठरा करंज्या आणि त्याला नऊ मिनिटं, असं धरलं तरी कढईचे चाळीस तास होतात.

चाळीस तासही कुठून तरी काढता आले असते. पण करंजी आधी करून ठेवता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची असली तरी आठ-दहा दिवसांत तिचा खुसखुशीतपणा उतरतो आणि खोबऱ्याला खवट वास यायची भीती असते. म्हणजे हे सगळं काम शेवटच्या पाच दिवसांत येणार. चार हजार आठशेला पाचने भागा. रोजच्या नऊशे साठ करंज्या, म्हणजे सहापैकी चार बायका दिवसभर करंजीलाच, आणि एक कढई सकाळपासून संध्याकाळपर्यंत करंजीचीच. तेही नेमकं तुमच्या दुकानासमोर रांग लागते त्या दिवसांत. करंजी आहे तोवर ही ऑर्डर सहाशेची काय, चारशेचीही बसणार नाही.

करंजीच्या जागी शंकरपाळी घातली तर चित्र बदलतं. पोळी लाटून काततात, एकेक भरायची नसते. घाणा आठ मिनिटांत निघतो, दीडशे किलोंना वीस तास. आणि शंकरपाळी तीन आठवडे टिकते, म्हणजे ती दसऱ्यानंतर लगेच करून ठेवता येते. करंजीचा मान मोठा आहे, मला मान्य आहे. पण कारखान्यातल्या माणसाच्या हातात चांगली शंकरपाळी पडणं हे मऊ पडलेल्या करंजीपेक्षा केव्हाही बरं. साहेबांनी करंजी सांगितली ती बहुधा डब्यात चार पदार्थ हवेत म्हणून. तुम्ही पर्याय सुचवलात तर ते अडून बसतील, असं आधीच धरून चालू नका. विचारा.

शंकरपाळी धरून सहाशे डब्यांचे कढईचे तास होतात त्र्याहत्तर. आता तुमच्याकडे किती आहेत ते बघू. दोन कढया आठ-आठ तास म्हणजे सोळा, असं कोणी म्हणेल, पण भट्टीवर उभं राहणाऱ्याला ठाऊक असतं की आठातले सहाच हाती लागतात. पीठ भिजवणं, तेल बदलणं, सिलिंडर लावणं, जेवण. म्हणजे दिवसाचे बारा. दसऱ्यानंतरचे पहिले नऊ दिवस काउंटरचा माल काढून रोज सात तास उरतात असं धरू, शेवटचे पाच दिवस जेमतेम तीन. त्रेसष्ट आणि पंधरा, अठ्ठ्याहत्तर. तुम्हाला हवेत त्र्याहत्तर. कागदावर बसलं, म्हणून एक वाजता तुम्हाला बरं वाटलं. पण चौदा दिवसांत फक्त पाच तासांची उसंत. एक सिलिंडर वेळेवर आला नाही, एकीचं मूल तापाने फणफणलं, की तुम्ही माझ्यासारखे रात्री मोठे घाणे घालायला लागाल.

चारशे डबे घेतलेत तर लागतात एकोणपन्नास तास. हे एकोणपन्नास तास पहिल्या नऊ दिवसांतल्या त्रेसष्टमध्येच बसतात. शेवटच्या पाच दिवसांना हातही लावावा लागत नाही, ते काउंटरचे आणि डबे भरण्याचे. म्हणून माझं मत चारशेचं आहे. आकडा गोल दिसतो म्हणून नव्हे; पहिले चारशे डबे तुमच्या रिकाम्या तासांतून निघतात आणि पुढचे दोनशे तुमच्या गिऱ्हाइकाच्या वाटणीच्या तासांतून काढावे लागतात. काउंटरवर हाच माल तुम्ही सरासरी सहाशे रुपये किलोने विकत असाल तर त्या दोनशे डब्यांमागे दर डब्याला ऐंशी रुपये कमी मिळणार, वर खोका आणि पिशव्यांचा खर्च तुमचा. मोठी ऑर्डर म्हणजे मोठी कमाई हे पहिल्या चारशेंना लागू आहे, शेवटच्या दोनशेंना नाही.

त्या दोनशेंचं काय? दुसऱ्या दुकानातून करून घेऊन आपल्या खोक्यात भरू, हा विचार तीन वाजता मनात आला असेल. चोरून करू नका. खोक्यावर तुमचं नाव आणि तुमचा अन्नपरवाना क्रमांक छापलेला असतो, आत काय आहे त्याची जबाबदारी तुमची. दुसऱ्याने किती वेळा वापरलेल्या तेलात चकली तळली हे तुम्हाला कसं कळणार? अन्नसुरक्षेच्या नियमांत तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साचणाऱ्या ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्क्यांची आहे, त्यापुढचं तेल वापरता येत नाही. मोजायचं यंत्र नसलं तरी तेल काळवंडलं, घाणा टाकताच वर फेस चढायला लागला, पूर्वीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की ते बदलायचं हे तुम्ही तुमच्या कढईपाशी बघू शकता. दुसऱ्याच्या कढईपाशी तुम्ही नसता. त्यापेक्षा साहेबांना सरळ सांगा की चारशे मी देतो, उरलेले दोनशे अमुक दुकानातून त्यांच्या नावाने घ्या. गावातल्या एखाद्या बचत गटाचं काम तुम्ही खाऊन पारखलं असेल तर त्यांचं नाव सुचवा. त्यांनाही दिवाळी आहे.

कढयांचं झालं. आता एक काम राहिलं, जे रात्रीच्या हिशेबात कोणीच धरत नाही. भरणं. चारशे डबे म्हणजे सोळाशे पिशव्या. तोलून, भरून, सील करून एका पिशवीला एक मिनिट, म्हणजे सत्तावीस तास. मग चार पिशव्या खोक्यात मांडून चिठ्ठी लावायला दीड मिनिट, आणखी दहा तास. हे सदतीस तास तळणाऱ्या बायकांवर टाकलेत की कढई थंड पडली म्हणून समजा. कॉलेजात जाणारी दोन मुलं पाच दिवस रोज चार-चार तासांना बोलवा, त्यांना मजुरी द्या, आणि ती मजुरी दरात धरा. चारशे खोक्यांना जागाही लागते. चिवडा आणि चकली वजनाला हलकी पण आकाराला मोठी. भट्टीच्या खोलीत ठेवाल तर वाफेने सादळेल. घरची एक कोरडी खोली त्या दोन आठवड्यांपुरती मोकळी करावी लागेल, आणि ती कोणती हे आधी घरात विचारा.

घरात विचारण्यावरून आठवलं. तुमच्या पत्नी गप्प बसतात असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही त्यांना विचारलंत की ही ऑर्डर का नको. नको म्हणण्याचं कारण देणं अवघड असतं, विशेषतः समोरच्याच्या डोळ्यांत सहाशे डबे नाचत असताना. वेगळं विचारून बघा. मागच्या दिवाळीत तू किती रात्री एकनंतर झोपलीस? घरचा फराळ कधी केलास? मला वाटतं, तुमच्या हिशेबात जे तास फुकट धरलेत ते त्यांचे आहेत. पत्रातच बघा, सहा बायका कामाला, शिवाय मी आणि बायको असं लिहिलंय. त्या सहा जणींची मजुरी तुम्हाला तोंडपाठ असेल. सातवीची नाही.

त्या सहा जणींनाही साहेबांना उत्तर देण्याआधी विचारा. त्यांच्या घरीही दिवाळी आहे. वसुबारसेच्या आधीचे चार दिवस त्या तुमच्याकडे दिवसभर तळून घरी जातात आणि रात्री स्वतःच्या मुलांसाठी चूल पेटवतात. रात्री अकरापर्यंत थांबतील असं तुम्ही गृहीत धरलं असेल तर ते आजच तपासा. आमच्याकडे एक मावशी होत्या. ऑर्डर सांगितली की त्या डोळे मिटून बोटं मोजायच्या आणि म्हणायच्या, "लाडू होतील, चकली होईल, करंजीचं नाव काढू नका." कॅल्क्युलेटरपेक्षा त्यांचं लवकर व्हायचं. तुमच्याकडेही अशी एखादी असेल.

पैशाचं बोलू. साठ दिवस तुम्ही मान्य करू नका, आणि त्यासाठी भांडायचीही गरज नाही. तुम्ही स्वतः माल बनवता, त्यामुळे उद्यम नोंदणी केलेला सूक्ष्म उद्योग म्हणून तुम्हाला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचं संरक्षण मिळतं. लेखी करार असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. करारात साठ लिहिलं तरी ४५ च्या पुढे ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली की नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा करून मिळत नाही. खरेदीच्या साहेबांना हे कदाचित माहीत नसेल, पण त्यांच्या हिशेबनिसाला माहीत असतं. नोंदणी केलेली नसेल तर ती udyamregistration.gov.in वर होते, आधार लागतं, पैसे लागत नाहीत. कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. नोंदणी माल देण्याआधी झालेली हवी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला हवा, एवढं मात्र बघा.

खरं सांगायचं तर गावातल्याच कारखान्यावर कोणी तक्रार करायला जात नाही, मीही गेले नसते. कायदा इथे टेबलावर बोलताना पाठीशी असावा म्हणून. खरा आधार आगाऊ रकमेचा. चारशे डब्यांचे दोन लाख आठ हजार होतात. बेसन, डाळी, तूप, तेल, साखर, पोहे, खोके आणि जादा मजुरी मिळून डब्याला तीनशे रुपये धरले तर माल हाती यायच्या आधी तुमचे एक लाख वीस हजार गुंतणार. निम्मी रक्कम आगाऊ मागा, एक लाख चार हजार. बाकीची सोळा हजारांची जुळणी तुम्ही एरवीच्या दिवाळीतही करताच. आगाऊ शून्य आणि बाकी सगळं साठ दिवसांनी, अशी अट कायम राहिली तर मी चारशेंनाही नाही म्हणेन. दिवाळीच्या तोंडावर घरातलं सोनं गहाण ठेवून दुसऱ्याच्या कामगारांना फराळ घालू नये.

आणि नाही म्हटलं तर पुन्हा कोणी येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत तेच साहेब असतील की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि असले तरी ते दर वर्षी चार ठिकाणी भाव विचारतीलच. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरची काळजी या वर्षीच्या कढईवर घालू नका. दुसरी गोष्ट अशी की तुम्हाला नाही म्हणायचंच नाहीये, वेगळा आकडा सांगायचा आहे. हे फराळापुरतं नाही. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आलेल्या शिंप्याने शिवण मोजू नये, काज-बटण मोजावं. वह्या छापणाऱ्याने छपाई मोजू नये, बाइंडिंग मोजावं. जिथे माल रात्रभर साचून पडतो ती जागा शोधायची आणि तिथले मोकळे तास मोजून आकडा सांगायचा. आकडा सांगायला साहेबांना फोनऐवजी चिठ्ठी पाठवा, म्हणजे नंतर "मी तर सहाशे समजलो होतो" असं होणार नाही. अशी काहीतरी:

"साहेब, आपली ऑर्डर घ्यायला आवडेल. ताजा आणि सारख्या दर्जाचा माल देता यावा म्हणून यंदा ४०० डबे देऊ शकतो. करंजी जास्त दिवस टिकत नाही, तिच्याऐवजी शंकरपाळी घालावी असं सुचवतो, नमुन्याचा डबा सोबत पाठवत आहे. दर ५२० रुपये. निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर, बाकी माल मिळाल्यापासून १५ दिवसांत. माल दोन खेपांत पोचवू, शेवटची खेप वसुबारसेच्या दोन दिवस आधी. उरलेल्या डब्यांसाठी हवं असल्यास दुसरं चांगलं नाव सुचवतो."

नमुन्याचा डबा खरंच पाठवा, आणि तसाच एक डबा सील करून दुकानाच्या फळीवर आठ-दहा दिवस ठेवा. मग उघडून चकली मोडून बघा. आवाज आला नाही तर तळण्यात किंवा निववण्यात काहीतरी चुकतंय, आणि ते चारशे डबे भरण्याआधी कळलेलं बरं. ऑर्डर पक्की झाली तर क्रम असा ठेवा: आधी शंकरपाळी आणि चकली, मग लाडू, चिवडा सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात आधी सादळतो. लाडवाचं भाजलेलं बेसन पुरतं कोमट झाल्यावरच पिठीसाखर घाला. गरम असताना घातली की मिश्रण सैल होतं आणि वळलेले लाडू परातीत बसतात. तळलेला माल रात्रभर जाळीवर, सकाळी पिशवीत. टेम्पो दारात उभा असला तरी.

साहेब आधी सहाशेचाच आग्रह धरतील. दोनदा धरतील. तुम्ही त्या तासांचा कागद खिशात ठेवा आणि चारशेच म्हणा. त्यावर त्यांनी दुसऱ्या कोणाला ऑर्डर दिली, तर तुमच्याकडे त्रेसष्ट मोकळे तास आणि नेहमीचं गिऱ्हाईक आहे, त्यातून थोडा जास्तीचा माल काउंटरवर सहाशे रुपये किलोने जातो.

उत्तर काहीही येवो, भाजणीचे तांदूळ आणि डाळी मात्र या आठवड्यातच धुऊन सावलीत वाळत घाला. नवरात्र सुरू झालं की गिरणीवर उपासाची पिठं आधी दळली जातात आणि भाजणीच्या डब्यांची रांग मागे लागते.